रेफरल देणाऱ्याला निकालानंतर पाठवायचा मेसेज

ऑफर लेटर मेलवर आलं ६ फेब्रुवारी २०२५ला, संध्याकाळी. काम ऑटोमेशन टेस्टिंगचंच, फक्त हिंजवडीतून खराडीला. मधे दोन माणसं होती. एक माझ्या जुन्या टीम लीड मॅडम, ज्यांनी त्यांच्या एका माजी सहकाऱ्याशी माझी गाठ घालून दिली. दुसरे ते सहकारी, म्हणजे सर, ज्यांनी खराडीच्या कंपनीच्या रेफरल पोर्टलवर माझं नाव टाकलं. दोघांना निकाल कळवायचा होता आणि आभार मानायचे होते. त्याआधी एकदा रेफरल मिळूनही मी गळलो होतो, आणि स्वतःही चारपाच जणांना रेफर केलं आहे, त्यामुळे हा मेसेज लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला कसा दिसतो ते दोन्हीकडून माहीत आहे. इथे फक्त कृती लिहितो.

सुरुवात रेफर करणाऱ्याच्या स्क्रीनपासून. बहुतेकांना वाटतं, आत बसलेल्या माणसाला सगळं कळतच असेल. तसं नसतं. पोर्टलवर त्याला उमेदवाराचं नाव, जॉब आयडी आणि पुढे एखाददुसरा शब्द दिसतो: प्रक्रिया सुरू, निवड नाही, ऑफर दिली. कुठल्या फेरीत काय झालं, पॅनेलवर कोण होतं, काय विचारलं, यातलं काही तिथे येत नाही. एचआरला विचारलं तर ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच उत्तर मिळतं, आणि स्टेटसचा शब्द बदलायलाही कधीकधी आठवडा लागतो. म्हणजे आपल्या मेसेजचं पहिलं काम बातमी देणं हे आहे, आभार त्यानंतर. आभाराच्या चार ओळी वाचून झाल्यावर शेवटी ‘सिलेक्शन झालं’ असं लिहिलेले मेसेज मला आले आहेत. तोवर वाचणारा वरच्या ओळींत निकाल शोधत असतो.

मग प्रश्न येतो, निकाल लागला असं कधी म्हणायचं? एचआरचा फोन येतो, ‘तुमचं सिलेक्शन झालंय, डॉक्युमेंट्स पाठवा.’ हा निकाल नाही. या फोनपासून लेटर येईपर्यंत पगाराची बोलणी असतात, वरच्यांची मंजुरी असते, आणि त्याच आठवड्यात भरती थांबवल्याचा आदेश आला तर सगळं तिथेच अडकतं. त्या टप्प्यावर मी सरांना एकच ओळ पाठवली होती: ‘सर, एचआरचा तोंडी होकार आलाय. लेटर हातात आलं की लगेच कळवतो.’ त्यात आभार मुद्दाम नव्हते. तेव्हाच आभार मानून टाकले आणि लेटर आलंच नाही, तर दुसरा मेसेज लिहिताना शब्द सुचत नाहीत.

दुसरं टोक म्हणजे ‘रुजू झाल्यावरच सांगू’ असं ठरवणं. माझा नोटिस पिरियड ६० दिवसांचा होता, बऱ्याच ठिकाणी ९० असतो. एवढे दिवस गप्प बसलं तर सरांना पोर्टलवर ‘ऑफर दिली’ हा शब्द दिसतो आणि आपल्याकडून अवाक्षर येत नाही. आयटीतल्या माणसाला या शांततेचा एकच अर्थ ठाऊक आहे: पोरगा आपली ऑफर दाखवून दुसरीकडे भाव वाढवून घेतोय. म्हणून खूण सोपी ठेवली. लेटर पूर्ण वाचून, स्वीकारल्याचं बटण दाबून, पोच मिळाली, की त्याच संध्याकाळी मेसेज. फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

आता मजकूर. पहिला मसुदा फोनच्या नोट्समध्ये लिहिला होता. तो असा:

‘आदरणीय सर, सर्वप्रथम मी आपले मनःपूर्वक आभार मानतो. केवळ आपल्यामुळेच मला ही नोकरी मिळाली. आपले उपकार मी आयुष्यभर विसरणार नाही. पॅकेजही मनासारखं मिळालं, जवळजवळ ४० टक्के हाइक आहे. माझा एक मित्रही जावामध्ये आहे, त्याचा सीव्ही पाठवू का? पुन्हा एकदा धन्यवाद.’

वाईट हेतूने लिहिलेलं यात काहीच नाही, पण जवळपास प्रत्येक वाक्याने सरांची अडचण केली असती.

‘केवळ आपल्यामुळेच नोकरी मिळाली’ हे वाक्य नम्रपणाचं वाटतं, पण ते खरं नाही आणि सरांच्या सोयीचंही नाही. रेफरलने सीव्ही ढिगाऱ्यातून वर येतो, पुढच्या फेऱ्या आपल्या आपण काढायच्या असतात. शिवाय सर त्याच विभागात असतील किंवा पॅनेलवरच्या कुणाला ओळखत असतील, तर ‘तुमच्यामुळे नोकरी लागली’ असं लेखी वाक्य त्यांच्या फोनमध्ये पडून राहणं त्यांना नको असतं. कुणी स्क्रीनशॉट फिरवला तर वशिला लावला असाच त्याचा अर्थ निघतो. म्हणून त्यांनी प्रत्यक्ष केलं तेवढंच लिहायचं: नाव पाठवलंत, मुलाखतीच्या आधी वीस मिनिटं बोललात, अमुक गोष्ट सांगितलीत.

४० टक्क्यांचं वाक्य त्याहून महागात पडतं. पगाराची माहिती गोपनीय ठेवावी अशी अट ऑफर लेटरमध्ये बहुधा असतेच. आणि सर त्या कंपनीत सहा वर्षं आहेत, त्यांना दरवर्षी मिळणारी वाढ बाहेरून येणाऱ्याच्या उडीपेक्षा कमीच असते. आपण आनंदाने सांगतो, पण समोरचा मनात हिशेब मांडायला लागतो. त्यांनी आपणहून विचारलं तरी ‘अपेक्षेप्रमाणे झालं सर’ एवढं पुरतं.

मित्राचा सीव्ही तर त्या मेसेजमध्ये नकोच. ज्या निरोपात आभार आहेत त्यात मागणी शिरली, की वाचणाऱ्याच्या लक्षात मागणीच राहते. मित्राचं काम खरंच असेल तर महिनाभराने, वेगळं आणि त्याच्या जॉब आयडीसकट विचारावं.

राहता राहिली भाषा. ‘आदरणीय’, ‘सर्वप्रथम’, ‘मनःपूर्वक’ ही सत्कार समारंभातली भाषा आहे. सरांशी आधीची सगळी बोलणी ‘सर, उद्या चार वाजता चालेल का’ या सुरात झालेली, आणि आभाराच्या दिवशी अचानक मानपत्र! ज्या सुरात आजवर बोललो त्याच सुरात, एक पायरी नीटनेटकं लिहायचं. ‘उपकार’ हा शब्द तर टाळाच. मराठीत तो फार जड आहे, ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं.

शेवटी गेलेला मेसेज असा होता:

‘नमस्कार सर, खराडीच्या कामाचं नक्की झालं. आज लेटर आलं, मी स्वीकारल्याचं कळवलंय. १० तारखेला इकडे राजीनामा देतोय, ६० दिवसांची नोटिस धरून १५ एप्रिलला जॉइन होईन.

तुम्ही नाव पाठवलंत आणि दुसऱ्या फेरीआधी फोनवर सांगितलंत की टूल्सपेक्षा फ्रेमवर्क कसं उभं केलं हे विचारतील. नेमकं तेच विचारलं. त्या तयारीचा खूप उपयोग झाला. मनापासून आभार. मॅडमनाही आत्ताच कळवतोय. जॉइन झालो की भेटतोच.’

साठेक शब्द. पहिल्या ओळीत बातमी, मग तारखा, मग त्यांनी केलेली एक नेमकी गोष्ट आणि तिचं पुढे काय झालं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ‘तुमच्या मार्गदर्शनाबद्दल आभार’ हे कुणालाही पाठवता येतं. ‘तुम्ही फ्रेमवर्कचं म्हणालात आणि तेच विचारलं’ हे एकाच माणसाला पाठवता येतं, आणि पुढच्या उमेदवाराशी बोलताना काय सांगायचं हेही त्यांना त्यातून कळतं. मात्र इथे एक मर्यादा पाळायची. विषय सांगावा, प्रश्नच्या प्रश्न उतरवून देऊ नये. कोडिंग टेस्ट किंवा केस गोपनीय ठेवायला सांगितलेली असते, आणि आतल्या माणसाच्या फोनवर प्रश्नपत्रिका असणं त्याच्याच अंगाशी येतं.

तारखा का लिहायच्या? सरांना विचारणारे असतात. त्यांचा मॅनेजर किंवा एचआर सहज विचारतो, ‘तो तुमचा कॅन्डिडेट येतोय ना?’ तारीख माहीत असली की त्यांना लगेच सांगता येतं. माझी नोटिस ११ एप्रिलला, शुक्रवारी संपत होती. मधे शनिवार, रविवार आणि १४ला आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणून १५. तारीख नंतर बदलली तर तेही कळवायचं, एका ओळीत.

पहिल्या ओळीबद्दल एक बारीकशी गोष्ट. तिच्यात मी कंपनीचं नाव किंवा ‘ऑफर’ हा शब्द घातला नाही, ‘खराडीच्या कामाचं’ म्हटलं. व्हॉट्सॲप लॅपटॉपवर उघडं ठेवून लोक मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करतात, आणि मेसेजची पहिली ओळ कोपऱ्यात सगळ्यांसमोर झळकते. सरांच्या टीममध्ये त्याच जागेसाठी आणखी कुणी कुणाला रेफर केलेलं असू शकतं. त्याच कारणाने त्यांच्या ऑफिसच्या मेलवर किंवा टीम्सवर हे पाठवायचं नाही. ज्या खासगी नंबरावर किंवा मेलवर सीव्ही पाठवला होता, तिथेच निकालही कळवायचा.

मॅडमना काय लिहायचं हे वेगळं होतं. त्यांनी पोर्टलवर काही केलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या जुन्या ओळखीच्या माणसाकडे माझ्यासाठी शब्द टाकला होता. त्यांना तारखांपेक्षा ‘मी ज्याच्याकडे पाठवलं त्याने नीट दखल घेतली का’ हे हवं असतं. म्हणून: ‘मॅडम, तुम्ही ज्या सरांशी बोलून दिलंत त्यांच्या कंपनीत झालं. त्यांनी स्वतःहून फोन करून तयारी सांगितली. सुरुवात तुम्ही करून दिलीत, आभारी आहे. त्यांनाही कळवलंय.’ बस. क्रम असा ठेवला: ज्यांनी आत नाव लावलं ते सर आधी, आणि लगेच पाच मिनिटांत मॅडम. या दोघांचं आपसात बोलणं असतं. एकाला आज आणि दुसऱ्याला चार दिवसांनी कळवलं, तर मॅडमना बातमी सरांकडून कळते आणि ते खटकतं. दोघांना एकत्र ग्रुप करून एकच मेसेज टाकणं हा आळस आहे, तो लगेच दिसतो.

एक मेसेज कॉपी करून दुसऱ्याला पाठवताना मराठीत एक खास घोळ होतो. कॉलेजच्या सीनियरला ‘दादा, तू नाव पाठवलंस’ असं लिहिलेलं असतं, तेच मॅडमना पाठवताना ‘तू’चं ‘तुम्ही’ होतं पण क्रियापद ‘पाठवलंस’च राहतं. सर्वनाम डोळ्यांना दिसतं, शेवटचा ‘स’ दिसत नाही. पाठवल्यावर लक्षात आलं तर व्हॉट्सॲपवर १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतं. तेवढ्या वेळात करावं, डिलीट करून पुन्हा पाठवू नये. डिलीट केल्याची खूण राहते आणि काय लिहिलं होतं याची उगाच उत्सुकता लागते.

लिंक्डइनवर सरांना टॅग करून पोस्ट टाकायची का? माझ्यापुरतं उत्तर: रुजू होईपर्यंत नाही, आणि नंतरही विचारून. ६ तारखेला माझ्या तेव्हाच्या मॅनेजरला काही माहीत नव्हतं, राजीनामा १०ला द्यायचा होता. त्याशिवाय मागच्या नोकरीची, शिक्षणाची पडताळणी अजून व्हायची असते. आणि सरांचं नाव जाहीर झालं की त्यांच्या इनबॉक्समध्ये अनोळखी लोकांचे सीव्ही येऊन पडतात. मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, ‘पोस्ट टाक, माझं नाव नको.’ बरेच जण हेच म्हणतात.

हे झालं होकाराचं. नकाराचा मेसेज मात्र बरेचजण पाठवतच नाहीत. आधीच्या वेळी मी तिसऱ्या फेरीत गेलो होतो आणि नंतर दोन ओळींचा ठरावीक मेल आला. तेव्हा रेफर करणारा होता कॉलेजचा सीनियर. त्याला पाठवलं ते असं:

‘दादा, यावेळी नाही झालं, आज मेल आला. तिसऱ्या फेरीपर्यंत गेलो, डेटाबेसच्या प्रश्नांवर कमी पडलो असं मला वाटतं. तू नाव पाठवलंस म्हणून एवढ्या लवकर बोलावणं आलं, थँक्स. तुला आत काही विचारायची गरज नाही, कळावं म्हणून लिहिलं.’

शेवटच्या वाक्यासाठी हा मेसेज इथे दिला. गळल्यावर पहिली ऊर्मी येते ती ‘आत विचारून बघ ना, नक्की काय झालं’ असं लिहायची. आतल्या माणसाला पॅनेलचे शेरे बघायचा हक्क नसतो. त्याने विचारलं तर त्याला खालमानेने विचारावं लागतं, आणि कळलं तरी सांगता येत नाही. ती अडचण आपणच काढून टाकली की तो मोकळेपणाने उत्तर देतो. दादाचं उत्तर आलं, ‘सहा महिन्यांनी परत बघू.’ हे सहा महिने म्हणजे नुसता धीर नव्हता. एकदा नाकारलेल्या उमेदवाराला ठरावीक काळ पुन्हा घेत नाहीत, अशी अट बऱ्याच कंपन्यांत असते. कुठे सहा महिने, कुठे वर्ष. ती मुदत त्यालाच माहीत असते.

मुलाखत घेणाऱ्याबद्दल तक्रार या मेसेजमध्ये घालू नये. तो उशिरा आला असेल, कॅमेरा बंद ठेवून बोलला असेल, तरी रेफर करणाऱ्याच्या दृष्टीने तो शेजारच्या रांगेत बसणारा माणूस असतो. आणि पक्का निकाल न येता नुसतं ‘होल्ड’ राहिलं असेल, तर तीनेक आठवड्यांनी ‘अजून काही कळलं नाही, कळलं की सांगतो’ एवढं पुरे. तेव्हा आभार मानले तर ‘आता तुम्ही बघा’ असा सूर लागतो.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड: ऑफर आली आणि आपणच नाही म्हणतोय. इथे मेसेज नंतर, आधी फोन. एचआरला नकाराचा मेल पाठवायच्या आधी रेफर करणाऱ्याला फोन करायचा, कारण मेल गेला की तासाभरात त्याला विचारणा होते आणि बातमी त्याला तिसऱ्याकडून कळते. फोनवर कारण एका वाक्यात आणि खरं. ‘घरची अडचण’ सांगून महिन्याभराने लिंक्डइनवर दुसऱ्या कंपनीचं नाव झळकलं, तर त्या माणसाकडे पुन्हा जाता येत नाही. फोन झाल्यावर संध्याकाळी छोटा मेसेज, तोही ‘माझ्यासाठी शब्द टाकलात, तुम्हाला आत उत्तर द्यावं लागलं, त्याबद्दल दिलगीर आहे’ इतकाच. एकदा नाही म्हटल्यावर लांबलचक माफीनामा लिहिला, तर समोरच्याला उलट आपलीच समजूत काढत बसावं लागतं.

परत १५ एप्रिलकडे. रुजू झालो त्या दिवशी दुपारी सरांना दुसरा मेसेज पाठवला: ‘सर, आज जॉइन झालो. एम्प्लॉयी आयडी आलाय, तो खाली देतोय. रेफरलसाठी लागला तर असू द्या.’ ही शेवटची ओळ बऱ्याच जणांना सुचत नाही. रेफरल बोनस अनेक ठिकाणी आपोआप येत नाही. नवा माणूस रुजू झाल्याची नोंद रेफरलशी जुळावी लागते, आणि उमेदवाराने पोर्टलवर एक मेल आयडी व अर्जात दुसरा दिला असेल तर ती जुळत नाही. त्याच उमेदवाराचा सीव्ही एखाद्या कन्सल्टन्सीनेही आधी टाकलेला असला, तर हक्क कुणाचा यावर वाद होतो. सरांनी आयडी घेऊन पाहिलं, तर माझं नाव तिथे अजून ‘ऑफर दिली’वरच अडकलेलं होतं. त्यांनी एचआरकडे तिकीट टाकलं.

बोनस मात्र आपण तोंडात घ्यायचा नाही. तो बऱ्याच कंपन्यांत नव्या माणसाचे ९० दिवस भरल्यावर पगारात येतो आणि त्यावर पगारासारखाच कर कापला जातो. ‘सर, तुम्हाला पण मिळेल ना’ ही थट्टाही नको, कारण त्याने सगळा व्यवहार देवाणघेवाणीचा होतो. उलट बाजूने, आपण महागडी भेट देणंही तितकंच गैरसोयीचं. भेटवस्तूंवर कंपन्यांचे नियम असतात आणि एकाच छताखाली आल्यावर तर ते दोघांनाही लागू होतात. पहिल्या आठवड्यात पाव किलो पेढे घेऊन त्यांच्या मजल्यावर गेलो. बॉक्स त्यांच्या टीममध्येच फिरला, कशाचे पेढे ते कुणी विचारलं नाही.

मॅडमना त्या दिवशी फक्त ‘आज जॉइन झालो’ असं कळवलं. त्यांचा अंगठा आला, मी त्यावर काही लिहिलं नाही. सरांच्या बोनससाठीचे माझे ९० दिवस १४ जुलैला भरले.